चुकलेली वेळ आणि तिसऱ्या आठवड्यातला गुडघा

प्रश्न : मी साताऱ्यातील एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये नोंदणी आणि फोन सांभाळते. 64 वर्षांच्या एक काकू उजवा गुडघा बदलल्यानंतर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी 11 वाजता येतात. शस्त्रक्रियेला 18 दिवस झाले आहेत. या बुधवारी त्या आल्या नाहीत. फाइलमधला नंबर पुण्यात राहणाऱ्या मुलाचा आहे. आमचा ठरलेला मेसेज ‘आपण आज गैरहजर राहिलात, नवीन वेळेसाठी संपर्क साधावा’ असा आहे. तो कोरडा वाटतो आणि त्याला फारशी उत्तरेही येत नाहीत. मॅडम म्हणतात, ‘जरा सौम्य लिही.’ सौम्य म्हणजे नेमके काय लिहू?

उत्तर : ज्या दिवशी वेळ चुकली त्याच दिवशी, शक्यतो दुपारी चारच्या आत, मेसेज जायला हवा आणि त्यात दुसऱ्या दिवसाच्या दोन नेमक्या वेळा लिहिलेल्या हव्यात. तुमच्या सध्याच्या मेसेजला उत्तरे येत नाहीत याचे मुख्य कारण मला हेच दिसते. तो रुग्णाला दोष देतो हे तर आहेच. पण वेळ शोधण्याचे, फोन करण्याचे आणि न येण्याचा खुलासा देण्याचे सगळे काम तो रुग्णावरच टाकतो. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाणे हीच ज्या बाईंची दिवसातली मोठी मोहीम आहे, त्या हे काम उद्यावर ढकलतात आणि तो उद्या पुढच्या सोमवारी उजाडतो.

मजकूर लिहायला बसण्यापूर्वी मॅडमकडून सोमवारची नोंद पाहून घ्या, कारण किती जवळची वेळ द्यायची हे त्या नोंदीवर ठरते. समजा, त्या दिवशी काकूंचा गुडघा 78 अंशांपर्यंत वाकला होता आणि पूर्ण सरळ व्हायला अजून 8 अंश कमी पडत होते. तिसऱ्या आठवड्यात हे चित्र घाबरण्यासारखे नाही, पण निवांत राहण्यासारखेही नाही. साध्या उंचीच्या खुर्चीतून नीट उठायला गुडघा साधारण 90 अंश किंवा थोडा अधिक वाकावा लागतो, आणि लंगडे न पडता चालायचे तर तो जवळजवळ पूर्ण सरळ व्हावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर सांध्याभोवती नव्या ऊतींचे जाळे तयार होत असते. पहिल्या काही आठवड्यांत ते मऊ असते आणि हालचालीला वाट देते, पुढे ते घट्ट होत जाते. म्हणून गुडघ्याची बहुतेक कमाई पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत होते. या काळात वाकणे 90 अंशांच्या आतच अडकले, तर भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा विचार शल्यचिकित्सकाला करावा लागतो, आणि तीन महिने उलटल्यावर त्या उपायाचा फायदाही कमी होतो.

आता हिशेब पाहा. सोमवारनंतर बुधवार चुकला. काकू थेट शुक्रवारी आल्या, तर मधे चार दिवसांचे अंतर पडते. तुमचा जुना मेसेज गेला, मुलाने तो रात्री पाहिला, गुरुवारी आईला विचारले, शुक्रवारी दुपारी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही सोमवारची वेळ दिली, तर पूर्ण आठवडा गेला. एका आठवड्यात गुडघा कायमचा आखडत नाही, तसे कोणी रुग्णाला सांगूही नये. मात्र या टप्प्यावर आठवडाभर कोणी मोजमाप न घेतल्यास घरचे व्यायाम चुकीचे होत आहेत की होतच नाहीत, हे कळायला मार्ग राहत नाही. त्यामुळे गुरुवारची वेळ द्यावी आणि त्याच वेळी शुक्रवारची वेळ शनिवारी न्यावी. गुरुवार आणि शुक्रवार असे लागोपाठ दोन दिवस ताण दिल्यावर तिसऱ्या आठवड्यातला गुडघा अनेकदा सुजतो आणि सुजलेला गुडघा वाकत नाही. काही क्लिनिकमध्ये रोज बोलावतात, ते तसे आखलेले असेल तर ठीक. पण आठवड्यातून तीनदाची आखणी असताना चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दोन दिवस एकमेकांना चिकटवू नयेत. शनिवारचा निर्णय अर्थात मॅडमचा आहे. तुम्ही फक्त त्यांना आधी विचारून घ्या.

त्याच वेळी त्यांना आणखी एक विचारा : सोमवारी व्यायाम नेहमीपेक्षा जास्त झाला होता का? माझ्या अनुभवात या टप्प्यावरचे रुग्ण आळसाने क्वचितच चुकतात. आदल्या वेळी गुडघा जोर लावून वाकवलेला असतो, त्या रात्री झोप लागलेली नसते आणि पुन्हा त्या टेबलावर झोपण्याची धास्ती वाटत असते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे सोबत. सून नोकरीला गेलेली असते, रिक्षावाला दारापर्यंत येत नाही, तीन पायऱ्या उतरायला कोणी हात देणारे नसते. ही दोन्ही कारणे बहुतेक रुग्ण आपणहून सांगत नाहीत. पहिल्यात डॉक्टरांना वाईट वाटेल अशी भीती असते आणि दुसऱ्यात घरच्यांची तक्रार केल्यासारखे होते. ‘का आला नाहीत?’ असे थेट विचारले, तर ‘जरा बरे नव्हते’ एवढेच उत्तर येते आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. तीच कारणे तुम्ही आधीच नावानिशी मांडलीत, तर त्यांना नुसते ‘हो’ म्हणावे लागते.

या सगळ्यातून मी मजकूर असा बांधला आहे :

> नमस्कार काकू. आज सकाळी 11 वाजताची आपली वेळ राहून गेली. काही अडचण आली असेल, काळजी करू नये. उद्या, गुरुवारी, आपल्यासाठी दोन वेळा राखून ठेवल्या आहेत : (1) सकाळी 11.30, (2) दुपारी 4.30. जी सोयीची असेल तिचा नुसता आकडा संध्याकाळी 7 पर्यंत कळवावा. यायला सोबत नसेल किंवा सोमवारनंतर दुखणे वाढले असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. त्याप्रमाणे वेळ आणि व्यायाम ठरवता येतील. तोपर्यंत घरी सांगितलेले व्यायाम नेहमीप्रमाणे चालू ठेवावेत.
>
> मात्र पोटरी नव्याने दुखत किंवा सुजत असेल, टाक्यांच्या जागेतून पाणी येत असेल, तिथली लाली वाढत असेल किंवा ताप असेल, तर व्यायाम थांबवून आम्हाला लगेच फोन करावा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर आमच्या उत्तराची वाट न पाहता 108 वर फोन करून रुग्णालयात जावे.
>
> – (आपले नाव), (क्लिनिकचे नाव), फोन (क्लिनिकचा नंबर)

पहिल्या परिच्छेदाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ‘आम्ही आपली वाट पाहिली’ असे वाक्य मी मुद्दाम टाळले आहे, कारण ते प्रेमाने लिहिले तरी वाचणाऱ्याला टोमणा वाटू शकतो. दोनच वेळा दिल्या आहेत. चार दिल्या तर निवड लांबते आणि एकच दिली तर ‘जमणार नाही’ म्हणून विषय संपतो. एक वेळ सकाळची आणि एक दुपारची ठेवण्यामागे सोबतीचा विचार आहे, कारण सकाळी घरात कोणी नसेल तर दुपारी शाळेतून आलेला नातू किंवा शेजारीण असू शकते. या दोन्ही वेळा वहीत पेन्सिलीने खरोखरच अडवून ठेवा. राखून ठेवली म्हणून सांगितलेली वेळ तासाभरात दुसऱ्याला दिली गेली, तर पुढच्या मेसेजवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरा परिच्छेद लांब वाटेल, आणि तुमच्या मॅडम कदाचित तो काढायलाही सांगतील. माझे मत असे की, गुडघा बदललेल्या रुग्णाने पहिल्या तीन महिन्यांत वेळ चुकवली, तर हा परिच्छेद काढू नये. या काळात पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. रुग्ण न येण्यामागे नेमके हेच कारण असू शकते : पाय दुखतोय, म्हणून आज व्यायामाला नको, असे घरात सहज ठरते आणि दुखणे गुडघ्याचे की पोटरीचे, हे कोणी विचारत नाही. जखमेतून येणारे पाणी किंवा ताप यांचेही तसेच. ‘थोडेसेच आहे’ म्हणून दोन दिवस थांबले की जंतुसंसर्गाला तेवढा वेळ मिळतो.

इथे तुमच्यासाठी एक मर्यादा आहे, ती पाळावीच लागेल. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याभोवती सूज असणे, तिथे हात लावल्यावर ऊब जाणवणे आणि काळे-निळे डाग खाली घोट्यापर्यंत उतरणे हे पुष्कळांच्या बाबतीत सामान्य असते. रात्रभर पाय उंच ठेवल्यावर ही सूज सकाळी बरीच ओसरते. पोटरी नव्याने कडक, गरम आणि दुखरी झाली, सूज सकाळीही तशीच राहिली, किंवा एकाच पायाची पोटरी दुसरीपेक्षा स्पष्ट जाड दिसू लागली, तर ती वेगळी गोष्ट आहे. पण गुठळीची लक्षणे नेहमी इतकी ठळक नसतात आणि फोनवरून तर हे कोणालाच ठरवता येत नाही. अनुभवी फिजिओथेरपिस्टसुद्धा अशा वेळी पाय चोळत बसत नाही, तर रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे पाठवतो आणि तिथे शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून निर्णय होतो. म्हणून काकूंकडून ‘पोटरी दुखते’ असे उत्तर आले, तर ‘होते तसे, उद्या या, पाहू’ असे चुकूनही लिहू नका. ‘व्यायाम थांबवा, पोटरी चोळू नका, मॅडम आता लगेच फोन करतील’ एवढेच लिहा आणि मॅडम दुसऱ्या रुग्णापाशी असल्या तरी त्यांना आत जाऊन सांगा. त्या क्लिनिकमध्येच नसतील, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाचा जो नंबर डिस्चार्ज कार्डावर असतो, तिथे त्याच दिवशी दाखवायला सांगा.

घरच्या व्यायामांविषयी मजकुरात मी एकच वाक्य ठेवले आहे. नवे व्यायाम मेसेजमधून शिकवायचे नसतात. पण काकूंनी त्याबद्दल विचारलेच, तर मॅडमच्या परवानगीने त्यांना आधी शिकवलेल्यांपैकी तीन गोष्टींची आठवण करून देता येईल. जागेपणी दर तासाला पाऊल खाली-वर हलवणे, पाठीवर झोपून टाच बिछान्यावरून आपल्याकडे ओढत गुडघा वाकवणे, आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबत मांडीचा स्नायू आवळणे, मनात पाच म्हणेपर्यंत धरणे आणि सोडणे. या तिसऱ्यात घरोघरी एक चूक होते. गुंडाळी टाचेखाली ठेवायची असते, पण बरे वाटते म्हणून उशी गुडघ्याखाली जाते आणि तासन्‌तास तिथेच राहते. गुडघा थोडा वाकलेला असला की दुखणे कमी भासते खरे, पण सरळ व्हायला कमी पडणारे ते 8 अंश तसेच राहतात, कधी 10 होतात. ‘उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली हवी’ एवढे एक वाक्य दोन दिवसांच्या खंडात खूप काम करते.

आता मुलाच्या नंबरचा प्रश्न. वरचा मजकूर काकूंना उद्देशून आहे. तो मुलाला जसाच्या तसा पाठवला, तर तो कार्यालयात बसून आईला रागवेल आणि आपल्याला हवे त्याच्या उलटे होईल. पहिला मेसेज मुलाला लहानसा जावा : ‘नमस्कार. आईंची आज 11 ची वेळ राहून गेली, त्यांच्यासाठी उद्याच्या दोन वेळा राखल्या आहेत. त्यांच्याशी आज थेट बोलता येईल असा नंबर कळवाल का? त्यांना पाय जास्त दुखत असल्यास किंवा ताप, दम यांपैकी काही असल्यास आम्हाला लगेच सांगावे.’ यात गुडघा, शस्त्रक्रिया, अंश असे काहीही नाही, कारण फोनच्या पडद्यावर वर झळकणारी ओळ शेजारी बसलेलाही वाचतो. काकूंचा स्वतःचा नंबर मिळाला की वरचा मजकूर त्यांना पाठवा आणि प्रत्यक्ष आल्यावर विचारून घ्या की, वेळेचे आणि तब्येतीचे निरोप मुलाला दिलेले चालतील का. त्या ‘हो’ म्हणाल्या तर फाइलवर तशी नोंद करा. ‘त्याला कशाला त्रास’ म्हणाल्या, तर तेही पाळा. मेसेज वाचायला चष्मा शोधावा लागणाऱ्या रुग्णाला हाच मजकूर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवला तरी उत्तम. फक्त दोन वेळा आणि त्यांचे आकडे सावकाश, दोनदा उच्चारा.

संध्याकाळी सातपर्यंत उत्तर आले नाही, तर साडेसातच्या सुमारास एक फोन करा. दुपारी एक ते चार या वेळात करू नका; रात्री दुखण्याने जागलेली माणसे तेव्हाच झोपतात. फोन लागला तर पहिला प्रश्न पायाचा, दुसरा वेळेचा, आणि त्यापलीकडे बोलणे त्यांच्यावर सोडा. तोही लागला नाही, तर गुरुवारी सकाळी मॅडमनी स्वतः करावा. त्यानंतर मात्र मेसेजांचा मारा करू नये. शनिवारपर्यंत काहीच कळले नाही, तर ज्या शल्यचिकित्सकाने काकूंना पाठवले त्यांच्या कार्यालयाला मॅडमनी दोन ओळींचा निरोप द्यावा : शेवटची तपासणी सोमवारी झाली, तेव्हाचे मोजमाप इतके होते, त्यानंतर संपर्क होऊ शकलेला नाही. हा भाग तक्रारीसारखा वाटू देऊ नका. टाके काढल्यानंतरच्या पुढच्या तपासणीला काकू तिथे जाणारच असतात आणि डॉक्टरांच्या हाती ती नोंद असलेली बरी.

पैशांचा उल्लेख पहिल्या चुकलेल्या वेळेच्या मेसेजमध्ये अजिबात नको. तुमच्याकडे दहा वेळांचे पैसे आगाऊ घेण्याची पद्धत असेल आणि चुकलेली वेळ त्यातून वजा होत असेल, तर तो नियम पहिल्याच दिवशी, कागदावर, तोंडी समजावून सांगितलेला असायला हवा. तसा सांगितला नसेल तर तो आता लावू नका. सांगितला असेल, तरी ‘पैसे गेले’ ही बातमी दुखण्याच्या आणि तापाच्या प्रश्नाशेजारी शोभत नाही, आणि ती वाचून रुग्ण खरे कारण सांगण्याऐवजी कारण बनवू लागतो. वारंवार वेळ चुकवणाऱ्याशी हा विषय समोरासमोर बोलावा.

काकू गुरुवारी आल्या म्हणजे दारात ‘काल कुठे होतात?’ ने सुरुवात करू नका. बसायला उंच खुर्ची द्या, वॉकर हाताशी ठेवा आणि मॅडमना आधीच सांगून ठेवा की त्यांनी दुखणे वाढल्याचे कळवले होते किंवा नव्हते. आत काय करायचे हे मॅडम जाणतातच, तरी बाहेर बसलेल्या काकूंना तुम्ही हे सांगू शकता की, बुधवारचे आणि गुरुवारचे मिळून दुप्पट व्यायाम आज होणार नाहीत. आधी मोजमाप घेतले जाईल आणि त्यावरून आजचे ठरेल. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लिहून दिलेली असेल, तर ती वेळेच्या साधारण पाऊण तास आधी घेऊन येता येते का, हे त्यांनी मॅडमना विचारावे, असेही सुचवा. ज्या सोमवारी गोळी सकाळी सातला घेतलेली होती आणि व्यायाम अकराला झाला, त्या सोमवारनंतर बुधवार का चुकला असावा, हे कित्येकदा तिथेच कळते. मग त्यांची नेहमीची वेळ अकराऐवजी साडेनऊ केली की पुढचे मेसेज लिहिण्याची तुमची पाळी बरीच कमी होईल.